दिगंबर की श्वेतांबर? नाशिककरांकडून वारंवार येणारे प्रश्न

चातुर्मास जवळ आला की हे प्रश्न वाढतात आणि सिंहस्थाच्या गप्पा सुरू झाल्या की आणखी वाढतात. एकच प्रश्न दहा जणांनी दहा तऱ्हांनी विचारलेला असतो, म्हणून त्यांतले नेहमीचे इथे एकत्र केले आहेत. उत्तरं मुख्यतः जैन साधूंचा वेश, आहार आणि ग्रंथ यांच्याबद्दल आहेत. प्रत्येक संघाची रीत थोडी वेगळी असते, त्यामुळे तुमच्या दारी आलेल्या साधूंसोबतचे श्रावक काही निराळं सांगत असतील तर त्यांचं ऐका.

१. दोन्ही जैनच, मग मूळ फरक नेमका कशात आहे?

साधूने वस्त्र ठेवायचं की नाही, यात. बाकीचे बहुतेक फरक या एका प्रश्नातून निघतात.

पाच महाव्रतं दोघांनाही मान्य आहेत आणि त्यांतलं पाचवं अपरिग्रह, म्हणजे स्वतःचं म्हणून काही न ठेवणं. दिगंबर म्हणतात, कापड ठेवलं की ते मिळवावं लागतं, धुवावं लागतं, फाटलं की शिवावं लागतं, थंडीत त्याची आठवण येते. म्हणजे मन त्यात अडकलंच. शिवाय लाज शिल्लक आहे म्हणून कापड लागतं, आणि लाज शिल्लक असेल तर देहाचा मोहही शिल्लक आहे. श्वेतांबर म्हणतात, परिग्रह वस्तूत नसतो, आसक्तीत असतो. पांढरं, न शिवलेलं, मागून आणलेलं कापड संयम पाळायला मदत करत असेल तर ते उपकरण झालं, मालमत्ता नव्हे.

श्वेतांबरांचा यावर एक नेमका प्रतिप्रश्न असतो: मग मुनींच्या हातातली मोरपिसांची पिच्छी परिग्रह नाही का? दिगंबरांचं उत्तर असं की पिच्छी जीव वाचवण्यासाठी आहे, ती देहाला काहीच सुख देत नाही, कापड देतं. हा वाद जवळजवळ दोन हजार वर्षं चालला आहे आणि दोन्हीकडचे युक्तिवाद अजून ताजे वाटतात.

सारखं काय, तेही सांगतो. दोघेही अनवाणी पायी विहार करतात, अंघोळ करत नाहीत, सूर्यास्तानंतर अन्नपाणी घेत नाहीत, पैशाला हात लावत नाहीत आणि डोक्याचे केस हाताने उपटून काढतात. त्याला लोच किंवा केशलोंच म्हणतात.

२. मुंबई-आग्रा महामार्गावर पहाटे पांढऱ्या कपड्यांतले साधू-साध्वी चालताना दिसतात. ते कोणते?

ते बहुतेक श्वेतांबर, पण त्यांच्यातही तीन गट आहेत. ओळखायचे तर तोंडाकडे बघा.

मुहपत्ती, म्हणजे तोंडासमोर धरायचं कापड, हातात असेल आणि बोलताना तेवढं पुढे धरलं जात असेल, सोबत उंच दांडा असेल, तर ते मूर्तिपूजक. विल्होळीच्या धर्मचक्र तीर्थाकडे जाताना दिसतात ते हे. मुहपत्ती दोऱ्याने कानांवरून कायम बांधलेली असेल तर स्थानकवासी किंवा तेरापंथी. स्थानकवासींची पट्टी चौकोनाकडे झुकणारी, तर तेरापंथींची आडवी, लांबट. हे दोन्ही गट मूर्तिपूजा मानत नाहीत. नाशिक-नगर पट्ट्यातली बरीच ओसवाल घरं स्थानकवासी आहेत. आचार्य आनंदऋषीजी याच परंपरेतले, नगर जिल्ह्यातल्या चिचोंडीचे.

बाकी सामान साधारण सारखं: कमरेला चोळपट्टा, अंगावर चादर, खांद्यावर कांबळी, बगलेत लोकरीच्या दोऱ्यांचा रजोहरण (मूर्तिपूजक त्याला ओघा म्हणतात) आणि झोळीत लाकडी पात्रं. ही पात्रं लक्षात ठेवा, प्रश्न ५ आणि ६ मध्ये सगळं त्यांच्याभोवती फिरतं.

३. म्हसरूळला गजपंथावर पांढरी साडी नेसलेल्या साध्वी पाहिल्या. गजपंथा तर दिगंबर क्षेत्र आहे ना? मग त्या श्वेतांबर कशा?

त्या श्वेतांबर नव्हेत, दिगंबर आर्यिका. हा घोळ फार जणांचा होतो, कारण ‘दिगंबर म्हणजे वस्त्र नाही’ एवढंच आपण ऐकलेलं असतं.

पूर्ण नग्नता फक्त मुनींची. आर्यिका माताजी एकच पांढरी साडी नेसतात, आणि त्यांच्या हातात लोकरीचा ओघा नसून मोरपिसांची पिच्छी असते. ओळखायची खूण तीच. तोंडावर किंवा हातात मुहपत्तीही नसते. मुनीपदाच्या आधीच्या पायरीवर क्षुल्लक आणि ऐलक असतात: क्षुल्लकाकडे लंगोटी आणि एक छोटं उपरणं, ऐलकाकडे फक्त लंगोटी. शिवाय भगवी वस्त्रं घालणारे भट्टारक आहेत, कोल्हापूर-नांदणीकडच्या मठांचे. ते मठाधिपती आहेत, मुनी नव्हेत.

मुनींकडे तीनच वस्तू असतात: पिच्छी, कमंडलू आणि शास्त्र. कमंडलूतलं पाणी प्यायचं नसतं, ते शौचाला आणि हातपाय धुवायला. ‘महाराजांना तहान लागली असेल, कमंडलू भरून देऊ का’ असं विचारणारे भेटतात; भाव चांगला, पण त्याने तहान भागायची नाही.

नमस्काराचे शब्दही वेगळे आहेत. मुनींना ‘नमोस्तु’, आर्यिकांना ‘वंदामि’, क्षुल्लक-ऐलकांना ‘इच्छामि’. श्वेतांबर साधू-साध्वींना ‘मत्थएण वंदामि’.

४. कुंभमेळ्यातले नागा साधू आणि दिगंबर मुनी एकच का? आणि इथला ‘दिगंबर आखाडा’ जैनांचा आहे का?

दोन्हींचं उत्तर नाही.

नागा साधू शैव संन्याशांच्या आखाड्यांतले; आपल्याकडे ते त्र्यंबकेश्वरला कुशावर्तावर स्नान करतात. अंगाला भस्म, जटा, धुनी, हातात त्रिशूळ किंवा तलवार. दिगंबर मुनींना यातलं काहीही चालत नाही. धुनी पेटवणं म्हणजे अग्नीतल्या जीवांची हिंसा, जटा ठेवणं म्हणजे केसांतल्या जीवांची, शस्त्राचा तर प्रश्नच नाही. तीर्थात स्नान करून पुण्य मिळतं हेही त्यांना मान्य नाही. मुनी मुळात अंघोळच करत नाहीत. आणखी एक: नागा एरवी वस्त्र घालू शकतात, मुनी दीक्षेनंतर कधीच नाही.

दिगंबर अनी आखाडा हा तर वैष्णव बैरागींचा, निर्मोही आणि निर्वाणी यांच्या जोडीचा. त्यांचं स्नान रामकुंडावर असतं आणि ते साधू वस्त्रधारी असतात. दत्तसंप्रदायातल्या ‘दिगंबरा’चाही जैनांशी संबंध नाही.

५. मुनीमहाराज दारावरून गेले, आत आलेच नाहीत. समोरच्यांकडे मात्र जेवले. आमचं काय चुकलं?

बहुधा काहीच चुकलं नाही. दिगंबर मुनींचा आहार कसा होतो हे एकदा नीट समजलं की हा गैरसमज राहत नाही.

मुनींकडे पात्र नाही. त्यामुळे अन्न गोळा करून न्यायची सोय नाही; जिथे मिळेल तिथेच, उभ्याने, दोन्ही हातांच्या ओंजळीत, दिवसातून एकदाच. पाणीसुद्धा त्याच वेळी. सकाळी ते आहाराला निघतात तेव्हा मनाशी एक नियम ठरवलेला असतो आणि तो कुणालाही सांगायचा नसतो. समजा नियम असा आहे की ‘जोडपं कलश घेऊन उभं असेल तिथेच’. तुमच्या दारात तुम्ही एकटेच हातात नारळ घेऊन उभे आहात, समोरच्या दारात नवरा-बायको कलश घेऊन. महाराज समोर थांबतील. नियम कुठेच जुळला नाही तर ते परत जातील आणि दुसऱ्या दिवशी सकाळपर्यंत उपवास.

थांबले तर पुढचं असं. घरचे ‘हे स्वामी, नमोस्तु, नमोस्तु, नमोस्तु, अत्र तिष्ठ, तिष्ठ’ म्हणत त्यांना बोलावतात, तीन प्रदक्षिणा घालतात, आत नेऊन पाटावर बसवतात, पाय धुतात, पूजा करतात. मग मन, वचन, काया आणि आहार-पाणी शुद्ध असल्याचं तोंडाने सांगतात. त्यानंतरच महाराज उभे राहून ओंजळ जोडतात. जेवताना बोलणं नाही, मागणं नाही. ओंजळ सुटली की आहार संपला.

खरी मेहनत त्याआधीची आहे. स्वयंपाकाच्या जागेला चौका म्हणतात. पाणी बहुतेक संघांना विहिरीचं लागतं, जाड दुहेरी कापडातून गाळून तापवलेलं. गाळताना कापडावर राहिलेले जीव त्याच विहिरीत हळूच परत सोडायचे असतात. पीठ पावसाळ्यात तीन दिवसांपेक्षा, उन्हाळ्यात पाच आणि हिवाळ्यात सात दिवसांपेक्षा जुनं नको. म्हणजे चातुर्मासात चौका लावणाऱ्या घरात दर तिसऱ्या दिवशी दळण. नळाच्या पाण्याच्या शहरात हे किती अवघड आहे ते विहीर शोधत फिरलेल्यांना विचारा.

यात एक अडचण आहे, आणि जैन विद्वान स्वतःच तिच्यावर वाद घालतात: साधूसाठी मुद्दाम बनवलेलं अन्न साधूला चालत नाही. घरच्यांनी स्वतःसाठी शुद्ध स्वयंपाक करावा आणि त्यातलं द्यावं असा नियम. पण आजकाल मुनी येणार कळल्यावरच चौके लागतात, हे कुणी नाकारत नाही. घरचे नंतर तेच अन्न जेवतात, यावर समाधान मानलं जातं.

६. आमच्या मजल्यावर श्वेतांबर साध्वीजी गोचरीला येतात. आम्ही जैन नाही. दिलं तर चालतं का, आणि काय काळजी घ्यायची?

शाकाहारी घर असेल तर बहुतेक वेळा चालतं, निर्णय त्यांचा. इथे पात्र आहे, म्हणून सगळं चित्र वेगळं. त्या अनेक घरांतून थोडं थोडं घेतात, उपाश्रयात किंवा स्थानकात नेतात, गुरुणींना दाखवतात आणि सगळ्या मिळून बसून जेवतात. गाय जशी चरताना गवत मुळापासून उपटत नाही तसं कुठल्याच घरावर भार टाकायचा नाही, यावरून गोचरी. दिवसातून एकदाच जेवायचं असं बंधन सगळ्यांना नसतं.

चुका होतात त्या प्रेमापोटी. एक नेहमीचा प्रसंग बघू. सकाळी साडेदहाला दारात ‘धर्मलाभ’ ऐकू येतं. घरातल्या काकू कोथिंबीर निवडत असतात. त्या लगबगीने उठतात, बैठकीतला दिवा-पंखा लावतात, ओल्या हाताने पोळ्यांचा डबा उघडतात आणि फ्रिजमधून दही काढतात. साध्वीजी हात जोडून निघून जातात. काकूंना वाटतं, आपण जैन नाही म्हणून घेतलं नाही. खरं कारण असं की कोथिंबीर हिरवी, म्हणजे सजीव. तिला लावलेला हात, कच्च्या पाण्याने ओला हात, आणि साध्वींच्या निमित्ताने दाबलेलं दिव्याचं बटण, हे तिन्ही दोष. फ्रिजचं दार उघडताना आत दिवा लागतो तोही त्यातच.

काकू भाजी खाली ठेवून तशाच उभ्या राहिल्या असत्या आणि कोरड्या हाताच्या सूनबाईंनी ओट्यावर झाकून ठेवलेल्या पोळ्या-भाजी पुढे केली असती, तर काम झालं असतं. कांदा, बटाटा, लसूण नसलेलं, आधीच तयार असलेलं, गॅसवर नसलेलं. ‘पाच मिनिटं थांबा, गरम करून देते’ म्हटलं की संपलं, कारण मग ते त्यांच्यासाठी केलेलं झालं.

पाणी उकळलेलंच लागतं. तीन उकळ्या आलेलं पाणी पावसाळ्यात तीन प्रहर, हिवाळ्यात चार आणि उन्हाळ्यात पाच प्रहर चालतं. एक प्रहर म्हणजे साधारण तीन तास. पुरुषांनी साध्वींना आणि बायकांनी साधूंना स्पर्श करू नये, पायांनासुद्धा. दुरूनच नमस्कार.

दिगंबर मुनींना आहार द्यायचा असेल तर अटी जास्त कडक असतात: धुतलेली वेगळी वस्त्रं, मद्य-मांस आणि रात्रीचं जेवण सोडल्याचा नियम वगैरे. तिथल्या श्रावकांना आधी विचारा.

७. महाराजांनी दोन घास घेतले आणि एकदम थांबले. काय झालं असेल?

अंतराय आला. ओंजळीत केस किंवा मेलेला किडा दिसला, कुणाचं तरी रडणं-किंकाळी ऐकू आली, कुत्रं-मांजर पायांत आलं, अशा प्रसंगांची बत्तिसाची यादी दिगंबर आचारग्रंथांत आहे. अंतराय आला की आहार तिथेच संपतो आणि पुढचं अन्नपाणी दुसऱ्या दिवशी. यजमान अक्षरशः रडतात, पण महाराज रागावलेले नसतात. म्हणून जाणती घरं ओंजळीत घालण्याआधी प्रत्येक घास उजेडात उलटापालटा करून बघतात.

श्वेतांबरांत असा पूर्ण दिवसाचा खंड पडत नाही. दोष आढळलेलं अन्न नियमाप्रमाणे बाजूला केलं जातं. पात्र असण्याचा हा आणखी एक परिणाम.

८. स्त्रीला मोक्ष मिळत नाही असं दिगंबर खरंच मानतात का?

स्त्रीदेहातून थेट मोक्ष नाही, असं मानतात. तर्क प्रश्न १ मधलाच: पूर्ण अपरिग्रहासाठी नग्नता हवी, स्त्रीने नग्न राहायचं नाही, म्हणून आर्यिकांची महाव्रतं औपचारिक मानली जातात. त्यांनी पुढच्या जन्मी पुरुषदेहाने मुनी व्हावं आणि मुक्त व्हावं. श्वेतांबरांच्या मते वस्त्र हा अडथळाच नाही, तेव्हा स्त्रीलाही अडथळा नाही. त्यांच्या परंपरेत एकोणिसावे तीर्थंकर मल्ली हे स्त्री होते; दिगंबरांकडे मल्लिनाथ पुरुष.

सिद्धान्त असा असला तरी व्यवहारात दिगंबर माताजींचा शब्द लहान नसतो. आपल्याच जिल्ह्यात मांगीतुंगीला २०१६ मध्ये ऋषभदेवांची १०८ फुटी मूर्ती उभी राहिली ती गणिनी ज्ञानमती माताजींच्या प्रेरणेने.

९. दोघांचे ग्रंथ वेगळे का? महावीरांची वाणी तर एकच.

वाणी एक, पण ती शेकडो वर्षं पाठांतराने चालली आणि दुष्काळांत पाठांतर करणारेच कमी झाले. किती उरलं, यावर मतभेद आहे.

या वाणीच्या मूळ ग्रंथांना अंगं म्हणतात. श्वेतांबरांच्या मते बारा अंगांपैकी बारावं, दृष्टिवाद, गेलं आणि अकरा उरली. गुजरातेत वल्लभी इथे, महावीर निर्वाणानंतर ९८० (काहींच्या मते ९९३) वर्षांनी, देवर्धिगणींच्या नेतृत्वाखाली ती लेखी स्वरूपात आली. भाषा अर्धमागधी. मूर्तिपूजक ४५ आगम, म्हणजे प्रमाण शास्त्रग्रंथ, मानतात, स्थानकवासी आणि तेरापंथी ३२.

दिगंबरांच्या मते मूळ अंगं त्या रूपात उरलीच नाहीत. आचार्य धरसेन गिरनारच्या गुहेत राहत होते, त्यांना जुन्या ज्ञानाचा एक भाग मुखोद्गत होता. तो त्यांनी पुष्पदंत आणि भूतबली या दोन मुनींना शिकवला आणि त्यातून षट्खंडागम झाला. गंमत अशी की हा भाग बाराव्या अंगातला मानला जातो. म्हणजे श्वेतांबर जे पूर्ण गेलं म्हणतात, त्यातलंच थोडं आपल्याकडे आहे असं दिगंबर म्हणतात. त्यावरची वीरसेनांची धवला टीका नवव्या शतकाच्या सुरुवातीची. तिच्या ताडपत्री पोथ्या कर्नाटकात मूडबिद्रीला होत्या आणि शतकानुशतकं लोकांना त्यांचं फक्त दर्शन मिळे, वाचायला नाही. छापील रूपात पहिला भाग निघाला १९३९ साली, तोही आपल्या अमरावतीहून, प्राध्यापक हीरालाल जैन यांच्या संपादनाखाली.

रोजच्या वाचनात मात्र सामान्य दिगंबर षट्खंडागम उघडत नाही, तो कुंदकुंदांचं समयसार वाचतो. श्वेतांबर पर्युषणात कल्पसूत्र ऐकतात.

१०. दोघांनाही मान्य असा एकही ग्रंथ नाही का?

आहे, तत्त्वार्थसूत्र. श्वेतांबर कर्त्याला उमास्वाती म्हणतात, दिगंबर उमास्वामी. दिगंबर पाठात ३५७ सूत्रं, श्वेतांबर पाठात ३४४. पण खरी मजा समान सूत्रांवरच्या भांडणात आहे.

‘मूर्च्छा परिग्रहः’ हे सूत्र दोन्हीकडे आहे: आसक्ती हाच परिग्रह. श्वेतांबर म्हणतात, बघा, कापडाचं नाव नाही. दिगंबर म्हणतात, आसक्तीशिवाय कापड कोण सांभाळेल? दुसरं, ‘एकादश जिने’: केवलज्ञान, म्हणजे पूर्ण ज्ञान, झालेल्या जिनाला अकरा परीषह, म्हणजे त्रास, संभवतात, आणि त्यांत भूक येते. श्वेतांबर सरळ अर्थ लावतात की केवली जेवतात. दिगंबरांच्या मते केवलींना घास घेऊन जेवण्याची गरजच नसते, म्हणून त्यांचे टीकाकार भूक नावापुरती आहे असं सांगतात. उलट साधूंच्या बावीस परीषहांत नग्नतेचं नाव आहे, तिथे स्पष्टीकरण देण्याची पाळी श्वेतांबरांवर येते.

११. श्वेतांबरांच्या मते महावीर कपडे घालत होते का?

थोडाच काळ. त्यांच्याच ग्रंथांनुसार दीक्षेनंतर एक वर्ष आणि एक महिना महावीरांच्या अंगावर वस्त्र होतं, नंतर ते निर्वस्त्र राहिले. दिगंबरांच्या मते दीक्षेच्या क्षणापासून. म्हणजे महावीर नग्न होते की नाही हा वाद नाही. तो मार्ग आजच्या साधूंना खुला आहे का, हा आहे. श्वेतांबर म्हणतात, ती कठोर चर्या म्हणजे जिनकल्प, आणि शेवटचे केवली जंबूस्वामी यांच्यानंतर ती बंद झाली. आताचा मार्ग स्थविरकल्प, वस्त्रासह. दिगंबरांना ही बंदी मान्य नाही.

चरित्रातही फरक आहे. श्वेतांबरांकडे महावीरांचं यशोदेशी लग्न झालं, प्रियदर्शना नावाची मुलगी होती. दिगंबरांकडे लग्नच नाही. त्रिशलामातेची स्वप्नं श्वेतांबरांकडे चौदा, दिगंबरांकडे सोळा.

१२. एका मैत्रिणीचा ‘मिच्छामि दुक्कडम्’चा मेसेज गणपती बसतात त्या दिवशी आला, दुसरीचं पर्युषण तेव्हा सुरूही नव्हतं. असं कसं?

पहिली श्वेतांबर, दुसरी दिगंबर. श्वेतांबरांचं पर्युषण आठ दिवसांचं, ते भाद्रपद शुद्ध चतुर्थीला संवत्सरीने संपतं (स्थानकवासी, तेरापंथींची संवत्सरी पंचमीला). दिगंबरांचं दशलक्षण पर्व पंचमीला सुरू होतं आणि अनंत चतुर्दशीपर्यंत दहा दिवस चालतं. गणपती बसताना एकांचं संपतं, विसर्जनाला दुसऱ्यांचं. दिगंबरांची क्षमावाणी त्यानंतर, आणि तिथे ‘उत्तम क्षमा’ म्हणतात.

१३. मंदिरात मूर्तीवरून ओळखता येतं का?

सहज. मूर्तीला काचेचे डोळे, मुकुट, आंगी, कमरेला कटिवस्त्राची रेघ असेल तर श्वेतांबर. डोळे अर्धे मिटलेले, अंगावर काहीच नाही, तर दिगंबर.

अडचण येते ती एकाच मूर्तीवर दोघांचा हक्क असेल तेव्हा. वाशिम जिल्ह्यातल्या शिरपूरची अंतरिक्ष पार्श्वनाथांची मूर्ती हे त्याचं उदाहरण. १९०५ मध्ये दोघांनी पूजेच्या वेळा वाटून घेतल्या होत्या, तरी भांडण प्रिव्ही कौन्सिलपर्यंत गेलं आणि १९२९ मध्ये निकाल श्वेतांबरांच्या बाजूने लागला. कळीचा मुद्दा लेपाचा: जुनी मूर्ती टिकवायला लेप द्यावा लागतो, आणि लेप देताना कमरेची रेघ काढायची की नाही? १९८१ मध्ये मंदिराला कुलूप लागलं ते २०२३ मध्ये सर्वोच्च न्यायालयाच्या आदेशानंतर निघालं. बाहेरच्याला एका रेघेवरून एवढं काय, असं वाटतं. प्रश्न १ पुन्हा वाचला तर वाटणार नाही.

१४. आमचे एक ओळखीचे दिगंबर आहेत आणि स्वतःला तेरापंथी म्हणवतात. तेरापंथ तर श्वेतांबरांचा ना?

नाव एक, पंथ दोन. श्वेतांबर तेरापंथ आचार्य भिक्षूंनी १७६० मध्ये स्थानकवासींतून वेगळा केला. मूर्ती नाही, एकच आचार्य. दिगंबर तेरापंथ त्याआधीचा, उत्तर भारतातला. ते मूर्ती पूजतात, पण फुलं, फळं, पंचामृत वाहत नाहीत आणि भट्टारकांना मानत नाहीत. पंचामृत अभिषेक करणारे ते बीसपंथी. महाराष्ट्र-कर्नाटकातली जुनी दिगंबर घरं बहुतेक याच रीतीची.

१५. फूट कधी पडली, आणि मधला मार्ग कुणी काढला नाही का?

दोघांच्या कथा वेगळ्या आहेत. दिगंबर सांगतात, बारा वर्षांच्या दुष्काळात भद्रबाहू संघासह दक्षिणेत गेले आणि मागे राहिलेल्यांचा आचार सैल झाला. श्वेतांबर सांगतात, शिवभूती नावाच्या साधूने हट्टाने वस्त्रत्याग करून वेगळा पंथ काढला. दोन्ही परंपरा फुटीचं वर्ष मात्र इसवीसनाच्या पहिल्या शतकाच्या शेवटाजवळच देतात, दिगंबर साधारण ७९ आणि श्वेतांबर ८२ च्या सुमारास. मथुरेच्या कुषाणकालीन शिल्पांत मनगटावर नुसता एक कापडाचा तुकडा धरलेले साधू दिसतात, त्यावरून फूट एका दिवसात पडली नसावी असं मला वाटतं.

मधला मार्गही होता. यापनीय नावाचा संघ कर्नाटक आणि दक्षिण महाराष्ट्राच्या बाजूला कित्येक शतकं होता. त्यांचे मुनी दिगंबरांसारखे नग्न राहत, पण स्त्रीला मोक्ष मिळतो आणि केवली जेवतात हे श्वेतांबरांचं म्हणणं त्यांना मान्य होतं. त्यांच्यातला शाकटायन हा वैयाकरण राष्ट्रकूट राजा अमोघवर्षाच्या काळातला, म्हणजे नवव्या शतकातला. त्याने या दोन्ही मतांच्या बाजूने स्वतंत्र प्रकरणं लिहिली. पुढे हा संघ दिगंबरांत मिसळून गेला, आणि शाकटायनाची ती प्रकरणं श्वेतांबरांनी जपून ठेवली.